डाउन जॅकेट धुतल्यावर चपटं का होतं, आणि पुन्हा फुगवायचं कसं

दर वर्षी मे-जूनमध्ये हिमालयातले ट्रेक आटोपून माणसं पुण्या-मुंबईला परततात आणि आठवड्याभरात ट्रेकिंगच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. पलंगावर पसरलेलं जॅकेट, कप्प्यांच्या कोपऱ्यांत ओले गोळे, मधे नुसतं दोन थरांचं कापड. खाली प्रश्न असतो, "धुतलं तर असं झालं. गेलं का हे?" परदेशात पहिला हिवाळा काढणारी मुलंमुलीही हाच प्रश्न व्हिडिओ कॉलवर आईला विचारतात. आईला कांजीवरम कशी जपायची ते ठाऊक असतं, पण हे वस्त्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कधी नव्हतंच.

बहुतेक वेळा उत्तर असं असतं की जॅकेट गेलेलं नाही, ते अजून वाळलेलं नाही. वरून हाताला कोरडं लागतं म्हणून लोक ते कपाटात ठेवून देतात आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं. धुण्यात फार कमी जॅकेटं बिघडतात. अर्धवट वाळवण्यात पुष्कळ बिघडतात.

## आत नेमकं काय असतं

बदक किंवा हंसाच्या अंगावर बाहेरून दिसतात ती दांडा असलेली पिसं. त्यांच्याखाली, मुख्यतः छातीपोटावर, दांडा नसलेले मऊ झुबके असतात. एका बारीक केंद्रातून सगळ्या दिशांना तंतू फुटलेले, आणि त्या तंतूंनाही आणखी बारीक तंतू. यालाच डाउन म्हणतात. लेबलवर ९०/१० लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ९० टक्के डाउन आणि १० टक्के पिसं.

हे तंतू स्वतः ऊब तयार करत नाहीत. ते एकमेकांना दूर ढकलतात आणि मधे हवा अडकवून ठेवतात. अडकलेली हवा अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून जॅकेट किती उबदार, हे बऱ्याच अंशी ते किती फुगतं यावर ठरतं. या फुगण्याला इंग्रजीत लॉफ्ट म्हणतात, आपण फुगवटा म्हणू.

लेबलवर दिसणारी 'फिल पॉवर' म्हणजे या फुगवट्याचं माप. ८०० फिल पॉवर याचा अर्थ एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाउन मोकळं सोडलं तर ८०० घन इंच, साधारण १३ लिटर जागा व्यापतं. जॅकेटात असं १३० ग्रॅम डाउन असेल, तर बाहेर काढून मोकळं सोडल्यावर त्याला ६० लिटरच्या रकसॅकएवढी जागा लागेल. धुतल्यावर तेच डाउन मूठभर दिसतं म्हणून माणसं घाबरतात. वजन तेवढंच असतं, तंतूंमधली हवा मात्र गेलेली असते.

जाता जाता एक पुण्याची गोष्ट. १९२२च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बलूनच्या कापडात आयडर बदकाचं डाउन भरून शिवलेला कोट नेला होता. बाकीचे लोकर आणि ट्वीडमध्ये. आधी त्याची थट्टा झाली, थंडी वाढल्यावर ती थांबली. हाच फिंच पुढे १९५२मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक झाला.

## मग फुगवटा जातो कुठे?

चार कारणं असतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिलं, दाबून ठेवणं. छोट्या पिशवीत कोंबलेलं जॅकेट महिनोन्‌महिने तसंच राहिलं की तंतू वाकलेल्या अवस्थेत बसतात. दुसरं, ओल. डाउन केराटिनचं बनलेलं असतं, म्हणजे आपले केस आणि नखं ज्या प्रथिनाची असतात त्याचंच. पाणी शोषल्यावर ते मऊ पडतं, तंतू एकमेकांना चिकटतात आणि दूर ढकलण्याची ताकद हरवते. तिसरं, तेल. मान, मनगटं आणि काखेतून घाम, त्वचेचं तेल, सनस्क्रीन कापडातून हळूहळू आत झिरपतं आणि तंतू जड करतं. कॉलर चपटी आणि पाठ मात्र छान फुगलेली असेल, तर कारण बहुधा हेच. चौथं, तंतूच तुटणं. फार जुन्या जॅकेटात किंवा जास्त उष्णतेने भाजलेल्या जॅकेटात झुबक्यांचा भुगा झालेला असतो. कप्पा चिमटीत धरून चोळला की आत पावडरीसारखं काही लागतं.

पहिली तीन कारणं सुधारता येतात. चौथं येत नाही.

## धुण्याआधी दोन मिनिटं लेबल वाचा

आपल्याकडे मॉलमध्ये आणि ऑनलाइन मिळणारी पुष्कळशी फुगीर जॅकेटं डाउनची नसतातच. लेबलवर 'फिल: १०० टक्के पॉलिएस्टर' असेल, तर या लेखातली बरीचशी खटपट तुमच्यासाठी नाही. ते जॅकेट सौम्य साबणाने धुऊन, पिळवटून न टाकता, वाऱ्यावर वाळवलं की झालं. 'डक डाउन' किंवा 'गूस डाउन' लिहिलं असेल तरच पुढे वाचा.

त्याच लेबलवर चिन्हं असतात. पाण्याच्या टबात ३० लिहिलं असेल तर पाणी ३० अंशांपर्यंत. चौकोनात वर्तुळ म्हणजे ड्रायर चालेल. त्या वर्तुळात एक टिंब असेल तर कमी उष्णता.

आणि एक गोष्ट करा जी फारसं कोणी करत नाही: कोरडं जॅकेट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा लिहून ठेवा. पुढे तोच तुम्हाला खरं काय ते सांगेल.

## धुणं: साबण कमी, पाणी जास्त

खिसे रिकामे करा, चेन आणि वेल्क्रो बंद करा. कुठे छोटं भोक असेल तर दुरुस्तीची चिकटपट्टी आधी लावा, नाहीतर मशीनमध्ये ते भोक मोठं होतं आणि घरभर पिसं उडतात. कॉलर आणि मनगटांवरचे काळपट डाग पातळ केलेल्या साबणात स्पंज बुडवून हलक्या हाताने पुसून घ्या.

साबण डाउनसाठी बनवलेला द्रव असला तर उत्तम. ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत 'डाउन वॉश' नावाने मागा. नसेल तर लोकरीच्या कपड्यांसाठीचा सौम्य द्रव साबण घ्या, पण बाटलीवर एन्झाइम किंवा सॉफ्टनर लिहिलेलं नाही ना, ते बघा. नेहमीच्या पावडरीतली एन्झाइम्स प्रथिनांचे डाग तोडण्यासाठी घातलेली असतात, आणि डाउन हे स्वतःच प्रथिन आहे. तीव्र साबण डाउनमधलं नैसर्गिक तेलही काढून टाकतो आणि तंतू ठिसूळ होतात. सॉफ्टनर उलट तंतूंवर थर चढवतो. दोन्हींचा शेवट चपट्या जॅकेटात होतो.

फ्रंट लोड मशीन असेल तर काम सोपं: सौम्य प्रोग्रॅम, ३० अंश, एकच जॅकेट, कमी वेगाचं स्पिन, आणि साबण निघून जाण्यासाठी खळबळण्याची जास्तीची एक फेरी. बोअरचं जड पाणी असेल तर आणखी एक. टॉप लोडमध्ये अडचण ही की जॅकेटात कोंडलेली हवा त्याला पाण्यावर तरंगत ठेवते, खालची चकती त्याला एका बाजूने ओढत राहते आणि शिवण ताणली जाते. मधे उंच दांडा असलेलं मशीन तर नकोच. अशा वेळी बाथरूममधला मोठा टब किंवा घमेलं बरं.

हाताने धुताना जॅकेट पाण्याबाहेरच गुंडाळून हवा काढा आणि दाबून धरतच पाण्याखाली न्या. मग तळव्यांनी दाबा, सोडा, दाबा, सोडा. घासू नका. पाणी बदलत राहा आणि फेस पूर्ण थांबेपर्यंत खळबळा. हा भाग कंटाळवाणा आहे आणि नेमका इथेच लोक घाई करतात. आत राहिलेला साबण वाळल्यावर तंतू चिकटवून ठेवतो, मग कितीही वाळवा, गोळे सुटत नाहीत.

बाहेर काढताना खांद्याला धरून उचलू नका. ओलं डाउन खाली सरकतं आणि त्या वजनाने कप्प्यांची आतली शिवण फाटू शकते. दोन्ही हात खाली घालून, आख्खं उचला. पाणी पिळून काढू नका, दाबून काढा. मोठ्या टॉवेलात गुंडाळून वर गुडघे टेकले तरी चालतं.

या टप्प्यावर जॅकेट भयंकर दिसतं, आणि ओल्या पिसांचा कोंबडीच्या खुराड्यासारखा वासही येतो. दोन्ही स्वाभाविक आहे. ग्रुपवर फोटो टाकायची वेळ अजून आलेली नाही.

## टेनिस बॉल नेमकं काय करतात?

गादीतला कापूस वर्षानुवर्षांच्या वापराने घट्ट बसला की पिंजारी धनुकलीने तो पिंजून पुन्हा मोकळा करायचा. जॅकेट ड्रायरमध्ये वाळवताना सोबत टेनिस बॉल टाकतात, ते तेच काम करतात. ड्रम फिरतो, बॉल वर जाऊन जॅकेटवर आपटतात आणि प्रत्येक आपटीला ओल्या गोळ्याचा एखादा थर सुटतो. सुटलेल्या थरात गरम हवा शिरते, तो वाळतो, वाळला की ताठ होऊन शेजारच्या तंतूंना ढकलतो. बॉल नसले तर गोळा बाहेरून वाळतो, आत ओला राहतो.

दोन-तीन बॉल पुरतात. स्वच्छ हवेत, गल्लीतल्या क्रिकेटमधले मातीने माखलेले चालणार नाहीत. फिकट रंगाच्या जॅकेटावर नव्या बॉलचा रंग उतरू नये म्हणून एकेक बॉल पांढऱ्या मोज्यात घालून गाठ मारा. ड्रायरसाठीचे लोकरीचे गोळे मिळाले तर तेही चालतात, फक्त ते हलके असल्याने थोडे जास्त लागतात.

उष्णता सर्वात कमी ठेवा. या जॅकेटांचं कापड फार पातळ नायलॉनचं असतं आणि जास्त तापलं की ते आकसतं किंवा वितळतं. साधी परीक्षा म्हणजे मधेच थांबवून चेनच्या धातूला हात लावा. हात ठेववत नसेल तर उष्णता जास्त आहे. दर अर्ध्या तासाने जॅकेट बाहेर काढून झटका, बोटांनी गोळे शोधून हळूच मोकळे करा, पुन्हा आत टाका.

आता वजनकाट्याकडे येऊ. समजा धुण्याआधी जॅकेट ४२० ग्रॅम होतं. स्पिननंतर ते ७६० भरलं, म्हणजे ३४० ग्रॅम पाणी आत आहे. तासाभराने काटा ५२० दाखवतो. कापड हाताला खडखडीत कोरडं लागतं, जॅकेट थोडं फुगलेलंही दिसतं, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. पण अजून १०० ग्रॅम पाणी शिल्लक आहे, आणि ते जवळपास सगळं डाउनमध्ये आहे. दुसऱ्या तासानंतर ४४०. आणखी अर्ध्या तासाने ४२०. मग आणखी वीस मिनिटं फिरवा. आकडा हलला नाही तर झालं. मूळ वजनापेक्षा चार-पाच ग्रॅम कमी भरलं तर घाबरू नका, तेवढा मळ निघून गेला.

काटा नसेल तर जॅकेट खिडकीसमोर धरा. उजेडात गोळे गडद डागांसारखे दिसतात. गालाला लावून पाहिलं आणि एखादा कप्पा बाकीच्यांपेक्षा थंड लागला, तर तिथे ओल आहे.

## "आमच्याकडे ड्रायर नाही"

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत नसतो, आणि वर म्हटलं तसं लोक परततात नेमके पावसाच्या तोंडावर. जुलैतल्या मुंबईत डाउन जॅकेट दोरीवर वाळवायला घालणं म्हणजे त्याला बुरशी आणायचं आमंत्रण. माझं मत स्पष्ट आहे: ड्रायरची सोय नसेल तर पावसाळ्यात धुऊच नका. कॉलर-मनगटं ओल्या स्पंजने पुसा, पंख्याखाली दिवसभर मोकळं ठेवा, रुंद हँगरवर टांगा आणि ऑक्टोबर हीटची वाट बघा. तेव्हा हवा कोरडी होऊ लागते आणि हिवाळ्याआधी जॅकेट तयारही होतं.

त्या दिवसांत घरी वाळवायचं तर ते टांगू नका. कपडे वाळवायच्या स्टँडवर आडवं पसरा म्हणजे खालूनही हवा लागेल. वर पंखा पूर्ण वेगाने. दर दोन तासांनी उलटा, आणि प्रत्येक वेळी कप्प्याकप्प्यातून बोटं फिरवून गोळे फोडा. इथे टेनिस बॉलचं काम तुमची बोटं करतात. अर्धवट वाळल्यावर दोन्ही तळव्यांमध्ये धरून थोपटा. दोन ते तीन दिवस लागतील असं धरून चला. एसीचा ड्राय मोड असलेली खोली मिळाली तर वेळ कमी होतो.

याहून चांगली वाट म्हणजे मिश्र पद्धत. घरी दीड-दोन दिवस वाळवा आणि शेवटच्या तासासाठी ड्रायर असलेल्या लॉन्ड्रीत घेऊन जा, बॉल स्वतःचे न्या. मात्र 'लो हीट' आपल्या डोळ्यांदेखत लावून घ्या, कारण अशा ठिकाणची मोठी यंत्रं चादरी-टॉवेलांसाठी तापवलेली असतात.

## कडक उन्हात टाकलं तर? ड्राय क्लीनला दिलं तर?

ऊन ओल घालवतं हे खरं, पण अतिनील किरणांनी पातळ नायलॉन कमजोर होतं आणि रंग उडतो. सावलीतला वारा चांगला. शेवटी तासभर कोवळं ऊन दिलं तर काही बिघडत नाही.

ड्राय क्लीनिंगमधली द्रावकं तेल विरघळवण्यासाठीच असतात. ती मळाबरोबर डाउनमधलं नैसर्गिक तेलही नेतात. लेबलवर फक्त ड्राय क्लीनच सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. अशी फॅशनची जॅकेटं असतात, त्यांना कातडं किंवा फर जोडलेलं असतं. बाकीच्यांसाठी पाणी बरं. बदक पाण्यातच राहतं, पाण्याने डाउनचं काही बिघडत नाही.

आणखी एक शंका येते, बाहेरच्या कापडावर पूर्वी पाण्याचे थेंब घरंगळायचे, आता ते भिजतं. त्या कापडावर पाणी झटकणारा थर असतो आणि मळाने तो निष्प्रभ होतो. धुऊन, कमी उष्णतेवर वाळवल्यावर तो बऱ्याचदा परत काम करू लागतो. नाही झाला तर वरून फवारायचा द्रव मिळतो.

## न धुताही फुगवटा येतो का?

जॅकेट स्वच्छ असेल आणि फक्त पिशवीत दाबून राहिलेलं असेल तर धुण्याची गरज नाही. ड्रायरमध्ये एक घट्ट पिळलेलं दमट फडकं, दोन टेनिस बॉल आणि जॅकेट घाला, कमी उष्णतेवर वीस-तीस मिनिटं फिरवा. फडक्यातल्या ओलाव्याने तंतू जरा मऊ पडतात, वाकलेली बसकण सोडतात आणि वाळताना पुन्हा पसरतात. प्रयोगशाळेत फिल पॉवर मोजण्याआधीही डाउनला वाफ देऊन वाळवतात, ती याच कारणासाठी.

निदानाची पहिली पायरीही हीच ठेवा. एवढ्याने जॅकेट उठलं तर दोष दाबण्याचा होता. नाही उठलं आणि कॉलर मळकट आहे, तर धुवा. नीट धुऊन, वजन मूळ जागी येईपर्यंत वाळवूनही एखादा कप्पा रिकामाच राहिला, तर तिथलं डाउन एक तर गळून गेलं आहे किंवा भुगा झालं आहे. शिवणीतून एखादं पीस डोकावत असेल तर बाहेर ओढू नका, त्याच्यामागे झुबकाही येतो. आतल्या बाजूने चिमटीत धरून परत आत खेचा. रिकामे कप्पे उसवून नवं डाउन भरता येतं, पण काम किचकट आहे आणि साध्या जॅकेटासाठी खर्च परवडत नाही. ते सकाळी फिरायला जाताना किंवा गडावरच्या मुक्कामात वापरा, लेहच्या जानेवारीसाठी नको.

धुणं तसं एका हंगामात एकदा पुरतं, कमी वापर असेल तर दोन हंगामांत एकदा. बाकी वर्षभर जॅकेट टांगून किंवा सुती अभ्र्यात सैल ठेवा. सोबत मिळालेली ती इवलीशी पिशवी फक्त प्रवासासाठी आहे. डाउन प्रथिनाचं असल्यामुळे त्याला कसर लागू शकते, आणि घामट जॅकेटाला ती आधी लागते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, पाऊस उघडलेल्या दिवशी बाहेर काढून झटका आणि पंख्याखाली ठेवा.